साखळीची टोके जुळतात तेव्हा

30 मे 1999 रोजी मँचेस्टरच्या ओल्ड ट्रॅफर्डवर जमलेले प्रेक्षक ऑस्ट्रेलियाच्या फलंदाजांची हुर्यो उडवत होते. ऑस्ट्रेलिया हरत होती म्हणून नव्हे, तर जिंकत असूनही जिंकून टाकत नव्हती म्हणून. ग्लेन मॅकग्राने 14 धावांत 5 बळी घेतले होते आणि वेस्ट इंडीजचा डाव 110 धावांत आटोपला होता. लक्ष्य अगदी किरकोळ होते. तरीही स्टीव्ह वॉ आणि मायकेल बेव्हन चेंडूमागून चेंडू नुसते अडवत राहिले. 111 धावा करायला ऑस्ट्रेलियाने 40.4 षटके घेतली. तीन दिवसांपूर्वी याच संघाने बांगलादेशाविरुद्ध 178 धावांचे आव्हान वीस षटकांच्या आत पार केले होते.

वॉने सामन्यानंतर फारसे लपवलेही नाही. वेस्ट इंडीज आपल्यासोबत पुढच्या फेरीत यावी आणि न्यूझीलंड मागे पडावे, अशी ऑस्ट्रेलियाची इच्छा होती. त्यासाठी वेस्ट इंडीजचा पराभव होईल तेवढा सौम्य करायचा होता.

असा विचित्र प्रसंग का आला, हे समजायला गट ‘ब’चा गुणतक्ता पाहावा लागतो. या गटात सहा संघ होते आणि प्रत्येकाचा प्रत्येकाशी एक सामना होता. मराठीत याला आपण साखळी सामने म्हणतो. शब्द किती नेमका आहे, ते अशा वेळी कळते, कारण साखळीला दोन टोके असतात आणि ती एकमेकांत अडकवताही येतात. इथे नेमके तेच झाले. न्यूझीलंडने ऑस्ट्रेलियाला हरवले होते, वेस्ट इंडीजने न्यूझीलंडला हरवले होते आणि आता ऑस्ट्रेलिया वेस्ट इंडीजला हरवत होती. अ भारी ब ला, ब भारी क ला, आणि क पुन्हा अ ला. दगड, कागद, कात्रीच्या खेळात पोरांना हे कोडे वाटत नाही, कारण तिथे कोणाला सर्वोत्तम ठरवायचे नसते. स्पर्धेत मात्र तिघांपैकी दोघांनाच पुढे जायचे होते.

बाकीच्या सामन्यांवरून काही उलगडा होतो का? अजिबात नाही, आणि हेच या गटाचे वैशिष्ट्य. तिघेही पाकिस्तानकडून हरले. तिघांनी बांगलादेशाला आणि स्कॉटलंडला हरवले. (न्यूझीलंडचा स्कॉटलंडशी सामना दुसऱ्या दिवशी व्हायचा होता, पण निकाल त्यांच्याच बाजूने लागेल हे सगळे धरून चालले होते, आणि तसेच घडले.) प्रत्येकाचे तीन विजय, प्रत्येकाचे सहा गुण. जय-पराजयाच्या वहीतून तिन्ही नावे खोडून उलटसुलट लिहिली, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या जागी न्यूझीलंड, न्यूझीलंडच्या जागी वेस्ट इंडीज आणि वेस्ट इंडीजच्या जागी ऑस्ट्रेलिया, तरी वही जशीच्या तशी राहते. याचा अर्थ असा की, केवळ कोण जिंकले आणि कोण हरले एवढेच पाहणारा कुठलाही निःपक्षपाती नियम या तिघांत फरक करू शकत नाही. नियम कितीही हुशार असो, त्याला वेगळे काढायला धागाच सापडत नाही. फरक करायचाच असेल तर वहीबाहेरचे काहीतरी आत आणावे लागते: धावा, गोल, आधीचे मानांकन किंवा शेवटी चिठ्ठी.

असे चक्र पडणे हा दुर्मीळ अपघात नाही. तीन तोडीस तोड संघ घ्या. त्यांच्यात तीन सामने होतात, प्रत्येकाचे दोन निकाल संभवतात, म्हणजे एकूण आठ शक्यता. त्यांतल्या सहांमध्ये कोणीतरी दोन्ही सामने जिंकतो आणि क्रम सरळ लागतो. उरलेल्या दोनांत चक्र पडते, एक या दिशेने आणि एक त्या दिशेने. म्हणजे चारातून एकदा. चार संघ केले की सामने सहा आणि शक्यता 64 होतात. त्यांतल्या फक्त 24 मध्ये पहिल्यापासून चौथ्यापर्यंत निर्विवाद रांग लागते, उरलेल्या 40 मध्ये कुठे ना कुठे चक्र असतेच. संघांच्या ताकदीत मोठी तफावत असेल तर हे प्रमाण घटते, पण स्पर्धा जितकी चुरशीची तितकी साखळीची टोके जुळण्याची शक्यता जास्त. बहुमताच्या मतदानातही अशीच चक्रे पडू शकतात, हे फ्रेंच विचारवंत मार्की द कॉन्डोर्से यांनी 1785 मध्ये दाखवले होते, आणि निवडणुकीच्या शास्त्रात तो विषय अजून मिटलेला नाही.

क्रिकेटने वहीबाहेरून जे आणले, त्याचे नाव निव्वळ धावगती. संघाने दर षटकामागे सरासरी किती धावा केल्या, त्यातून त्याने दर षटकामागे किती धावा दिल्या हे वजा करायचे. सगळा संघ बाद झाला तर खेळलेली षटके नव्हे, पूर्ण पन्नास धरायची. या सूत्रात ओल्ड ट्रॅफर्डचा सामना बसवून पाहिला की वॉचे गणित उघड होते. वेस्ट इंडीजच्या 110 धावा पन्नास षटकांत धरल्या तर त्यांची गती 2.20 येते. ऑस्ट्रेलियाने 40.4 षटकांत 111 केल्या, म्हणजे साधारण 2.73. या एका सामन्यापुरता वेस्ट इंडीजचा तोटा अवघा 0.53. त्याच धावा ऑस्ट्रेलियाने 25 षटकांत काढल्या असत्या तर तिची गती 4.44 झाली असती आणि वेस्ट इंडीजचा तोटा चौपटीहून जास्त, 2.24. संथ खेळल्याने ऑस्ट्रेलियाच्या स्वतःच्या धावगतीलाही फटका बसत होता, पण बांगलादेशाविरुद्धच्या झंझावातामुळे तिच्याकडे शिल्लक बरीच होती.

वेस्ट इंडीजला वाचवण्यात ऑस्ट्रेलियाचा फायदा काय? त्या वर्षी एक नवी योजना होती. प्रत्येक गटातले तीन संघ ‘सुपर सिक्स’मध्ये जाणार होते, आणि जाताना सोबत आलेल्या दोन संघांविरुद्ध मिळवलेले गुण शिदोरीसारखे बांधून नेणार होते. पाकिस्तानसमोर ऑस्ट्रेलिया हरली होती. तिसरा संघ वेस्ट इंडीज असता तर त्यांना हरवल्याचे दोन गुण शिदोरीत पडले असते. न्यूझीलंड असता तर शून्य. चक्रातले तिघे गुणांनी समान होते, पण कोणता सोबती मिळतो यावर पुढचा प्रवास अवलंबून होता, आणि तो सोबती निवडण्याची किल्ली ऑस्ट्रेलियाच्या बॅटमध्ये आली होती.

बेत फसला तो मात्र दुसऱ्याच दिवशी. एडिंबरामध्ये न्यूझीलंडने स्कॉटलंडला 121 धावांत गुंडाळले. धावगतीत वेस्ट इंडीजच्या पुढे जायचे तर लक्ष्य किती षटकांत गाठायला हवे, हे त्यांना आदल्या दिवसाच्या निकालामुळे आधीच ठाऊक होते. त्यांनी अठरा षटके पूर्ण होण्याआधीच काम संपवले आणि वेस्ट इंडीजला घरी पाठवले. ऑस्ट्रेलिया पुढच्या फेरीत गेली ती रिकाम्या शिदोरीने.

इथे धावगतीवर नेहमी होणारा आक्षेप आठवतो: तगड्या संघाला थोडक्यात हरवण्यापेक्षा दुबळ्या संघाला तुडवल्याचे मोल ती जास्त लावते. वेस्ट इंडीज आणि न्यूझीलंड यांचा आमनेसामने सामना वेस्ट इंडीजने जिंकला होता. तरी पुढे कोण जाणार, हे स्कॉटलंडच्या गोलंदाजांना न्यूझीलंडने किती वेगाने झोडपले त्यावर ठरले. पण ‘मग आमनेसामनेचा निकालच धरा’ असे म्हणून सुटका होत नाही. चक्रातल्या तिघांना तो नियम लावला की प्रत्येकाचा एक जय आणि एक पराजय, म्हणजे पुन्हा तिथेच.

फुटबॉलने याच पेचातून वेगळी वाट काढलेली दिसते, आणि तिचे सर्वांत देखणे उदाहरण 1994 च्या अमेरिकेतल्या विश्वचषकात सापडते. गट ‘ई’मध्ये आयर्लंडने इटलीला 1-0 हरवले, इटलीने नॉर्वेला 1-0, नॉर्वेने मेक्सिकोला 1-0 आणि मेक्सिकोने आयर्लंडला 2-1. उरलेले दोन सामने बरोबरीत सुटले. चौघांचेही एक विजय, एक पराभव, एक बरोबरी, चार-चार गुण. इतकेच नव्हे, केलेले आणि खाल्लेले गोल यांचा फरकही चौघांचा शून्य. मग एकूण केलेले गोल मोजले गेले. मेक्सिकोचे तीन, म्हणून पहिला. नॉर्वेचा एकच, म्हणून शेवटचा. आयर्लंड आणि इटली दोन-दोनवर अडकले, आणि आता दोघेच उरल्यामुळे आमनेसामनेचा निकाल अर्थपूर्ण झाला, म्हणून आयर्लंड दुसरा. नॉर्वेने तीन सामन्यांत एकच गोल खाल्ला होता, गटात सर्वांत कमी. ‘खाल्लेले गोल कमी असलेला वर’ असा नियम असता तर तोच पहिला आला असता. तो मायदेशी परतला. तिसरा आलेला इटली, तिसऱ्या क्रमांकाच्या उत्तम संघांत बसून पुढे सरकला आणि थेट अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. या गटाचे शेवटचे दोन सामने एकाच वेळी सुरू झाले, म्हणजे एडिंबरात न्यूझीलंडला मिळाली तशी आधी कळण्याची सोय कोणालाच नव्हती.

1999 च्या विश्वचषकाकडे परत यायला हवे, कारण खरी गंमत सुपर सिक्समध्ये आहे. शिदोरीचे गुण धरले तर सुपर सिक्स म्हणजे सहा संघांची पूर्ण साखळीच होती, प्रत्येकाचा प्रत्येकाशी एक निकाल. तिच्या अखेरीस पाकिस्तान, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिका तिघांचे सहा-सहा गुण झाले. आणि या तिघांतही पुन्हा चक्र! पाकिस्तानने ऑस्ट्रेलियाला हरवलेले, ऑस्ट्रेलियाने आफ्रिकेला, आफ्रिकेने पाकिस्तानला. (भारतीय वाचकाला यात आपलाही वाटा आठवेल. व्यंकटेश प्रसादच्या पाच बळींच्या जोरावर भारताने पाकिस्तानला हरवले नसते तर पाकिस्तान आठ गुणांनी निर्विवाद पहिला आला असता.) नियमांनी लावलेला क्रम असा: पाकिस्तान, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका.

पण हे चक्र आधीच्यासारखे बंदिस्त नव्हते. तिघांनी तीन-तीन सामने जिंकले असले तरी वेगवेगळ्या संघांविरुद्ध जिंकले होते. पाकिस्तानने ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि झिंबाब्वे यांना हरवले. ऑस्ट्रेलियाने आफ्रिका, झिंबाब्वे आणि भारत यांना. आफ्रिकेने पाकिस्तान, न्यूझीलंड आणि भारत यांना. वहीत आता धागा सापडतो, आणि तो कसा ओढायचा हे बुद्धिबळवाल्यांना शंभराहून अधिक वर्षे माहीत आहे. ‘किती जिंकलात’ हे समान असेल तर ‘कोणाला हरवलेत’ हे विचारायचे. हरवलेल्या प्रत्येक प्रतिस्पर्ध्याचे सगळे गुण बेरजेत घ्यायचे, बरोबरी झालेल्याचे निम्मे. 1882 मध्ये हेर्मान नॉयस्टाड्टल यांनी सुचवलेली ही पद्धत आज ‘सोनेबॉर्न–बर्गर’ नावाने ओळखली जाते. गंमत अशी की सोनेबॉर्न आणि बर्गर हे दोघेही त्या पद्धतीचे टीकाकार होते.

ती इथे लावून पाहू. न्यूझीलंड आणि झिंबाब्वे यांचे पाच-पाच गुण होते, भारताचे दोन. पाकिस्तानने हरवलेल्यांचे गुण 6, 5 आणि 5, एकूण 16. ऑस्ट्रेलियाचे 6, 5 आणि 2, म्हणजे 13. आफ्रिकेचेही 6, 5 आणि 2, म्हणजे 13. पाकिस्तान पहिला हे नक्की झाले, धावगतीनेही तेच सांगितले होते. दुसऱ्या जागेसाठी मात्र ऑस्ट्रेलिया आणि आफ्रिका पुन्हा समोरासमोर.

आता एक पाऊल पुढे जायचे. ऑस्ट्रेलियाने सहा गुणांच्या आफ्रिकेला हरवले, आफ्रिकेने सहा गुणांच्या पाकिस्तानला. गुण समान दिसतात, पण आत्ताच आपण ठरवले की पाकिस्तानचे सहा गुण जास्त वजनदार आहेत. मग पाकिस्तानला हरवण्याचे मोलही जास्त नको का? म्हणून पहिल्या फेरीत मिळालेल्या बेरजाच आता प्रत्येक संघाचे वजन मानायच्या आणि तीच बेरीज पुन्हा करायची. न्यूझीलंड आणि झिंबाब्वे यांचे पहिल्या फेरीतले वजन 10.5 येते (त्यांचा आपसातला सामना पावसाने धुऊन नेला होता, तो बरोबरी धरला आहे), भारताचे 6. दुसऱ्या फेरीत पाकिस्तानचे 13 + 10.5 + 10.5, म्हणजे 34 होतात. आफ्रिकेचे 16 + 10.5 + 6, म्हणजे 32.5. ऑस्ट्रेलियाचे 13 + 10.5 + 6, म्हणजे 29.5. आफ्रिका ऑस्ट्रेलियाच्या पुढे गेली. हे आकडे घेऊन तिसरी, चौथी, पाचवी फेरी केली तरी क्रम तोच राहतो: पाकिस्तान, दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया.

बेरीज अशी पुन्हा पुन्हा करत राहण्याचा विचार पुढे मोठे गणितज्ञ झालेले एडमुंड लांडाऊ यांनी अठराव्या वर्षी, 1895 मध्ये, बुद्धिबळाच्या स्पर्धांबद्दल लिहिताना मांडला होता. 1950 च्या दशकात वेई आणि केंडाल यांनी त्याला पक्के रूप दिले. ज्या पानाकडे वजनदार पाने बोट दाखवतात ते पान वजनदार, हा गुगलच्या सुरुवातीच्या शोधयंत्रामागचा हिशेबही याच कुळातला.

मग हीच पद्धत खरी आणि धावगती खोटी, असे म्हणायचे का? तेवढी घाई नको. या पद्धतीत आफ्रिकेला मिळालेला फायदा शेवटी एकाच गोष्टीतून येतो: तिने चक्रातल्या सर्वांत वजनदार संघाला हरवले. पण ऑस्ट्रेलियाचा पाठीराखा लगेच म्हणेल, आमने आफ्रिकेलाच हरवले त्याचे काय? पाकिस्तान बाजूला काढल्यावर उरलेल्या दोघांत आमनेसामनेचा नियम लावला तर ऑस्ट्रेलियाच दुसरी येते, आणि हा युक्तिवादही तितकाच रास्त आहे. शिवाय अशा बेरजेत आपल्या हातात नसलेल्या सामन्यांचे निकाल आपले स्थान हलवतात, आणि मैदानातल्या माणसाला गुणतक्ता पाहून आपण कुठे आहोत हे तोंडी सांगता येत नाही. निव्वळ धावगतीचा मोठा गुण हाच की रेडिओवरचा समालोचकही ‘इतक्या षटकांत जिंकायला हवे’ असे सांगू शकतो. अर्थात तो गुण हाच तिचा दोषही आहे, ओल्ड ट्रॅफर्डवर वॉलाही तेच कळत होते.

दुसरे कोण आणि तिसरे कोण, ही चर्चा एरवी हिशेबनिसांपुरती राहिली असती. उपांत्य फेरीत दुसऱ्याची गाठ तिसऱ्याशीच होती, त्यामुळे क्रम उलटला असता तरी सामना तोच झाला असता. फक्त एक कलम होते: उपांत्य सामना बरोबरीत सुटला तर सुपर सिक्समध्ये वर असलेला संघ अंतिम फेरीत जाईल.

17 जून रोजी एजबॅस्टनवर ऑस्ट्रेलियाने 213 धावा केल्या. शेवटच्या षटकाला सुरुवात झाली तेव्हा आफ्रिकेला नऊ धावा हव्या होत्या आणि एकच बळी शिल्लक होता. डेमियन फ्लेमिंगच्या पहिल्या दोन चेंडूंवर लान्स क्लूझनरने दोन चौकार मारले. धावसंख्या समसमान झाली. चौथ्या चेंडूवर क्लूझनर एका धावेसाठी सुटला, पलीकडे अ‍ॅलन डोनाल्ड जागचा हलला नाही, मग बॅट टाकून धावला, आणि धावबाद झाला. दोन्ही संघ 213. तक्त्यात वर असलेली ऑस्ट्रेलिया लॉर्ड्‌सवर गेली, आणि तिथे तिने पाकिस्तानला 132 धावांत गुंडाळून चषक उचलला.

वहीतली बेरीज आणखी एकदा करणारा नियम त्या स्पर्धेत असता, तर दुसऱ्या चौकारानंतर क्लूझनरला धावण्याची गरजच नव्हती.